दगडाखालचा हिरवा उजेड

"मॅडम, विंचू त्या जांभळ्या टॉर्चमध्ये हिरवा चमकते म्हणता, ते कायनं? अन् चमकून त्याले फायदा काय होते?"

कायनं, हे बऱ्यापैकी कळलंय. फायद्याचं घोडं अडलंय. विंचू चमकतो ही नोंद १९५४ सालची, आणि फायद्यावरचा वाद अजून चालू आहे.

आधी एक गैरसमज काढते. विंचवाच्या अंगात काजव्यासारखा दिवा नसतो. टॉर्च बंद केली की त्याच क्षणी तोही विझतो. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तो अंगावर घेतो आणि त्यांतली ऊर्जा निळसर हिरव्या प्रकाशाच्या रूपात परत टाकतो. स्वयंपाकघरात बघायचं असेल तर चिमूटभर हळद तेलात कालवा आणि त्यावर तीच टॉर्च मारा. पिवळसर हिरवी झाक उठते, ती याच जातीची.

टॉर्चबद्दलही लोक विचारतात. नागपुरात बर्डीवर खोट्या नोटा ओळखायची टॉर्च मिळते, ती बहुतेक ३९५ नॅनोमीटरची असते. तिच्यातून जांभळा उजेड इतका सांडतो की दगड, माती, चप्पल सगळंच जांभळं होतं आणि विंचू त्यात बुडतो. ३६५ ची घेतली तर आजूबाजूला जवळजवळ काळोख राहतो आणि विंचू दहा-बारा पावलांवरून उठून दिसतो. तरी फसायला होतंच. प्लास्टिकचा तुकडा चमकतो, साबणात धुतलेल्या कापडाची चिंधी चमकते. पण चिंधीचा रंग निळसर पांढरा असतो. विंचवाचा निळसर हिरवा एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही.

आता कायनं, ते. विंचवाचं कवच थराथरांचं असतं. त्यात वरच्या बाजूला एक अगदी पातळ, काचेसारखा थर असतो, त्याला हायलिन थर म्हणतात. चमक तिथली. त्यातली चमकणारी द्रव्यं शास्त्रज्ञांनी एकेक करून वेगळी काढली: १९९९ मध्ये बीटा-कार्बोलीन, मग कुमारीनच्या कुळातलं एक, आणि २०२० मध्ये जपानी संशोधकांनी टाकलेल्या कातीतून थॅलेट गटातलं तिसरं. थर इतका चिवट असतो की विंचू मेला तरी चमक जात नाही. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीत कित्येक वर्षं बुडवून ठेवलेला विंचू होता. कोणी हात लावत नसे, पण टॉर्च मारली की तो ताज्यासारखा उजळायचा. वर बरणीतलं अल्कोहोलही हिरवट व्हायचं, कारण द्रव्य त्यात उतरलेलं.

मला हे खरं कळलं ते मात्र बरणीपाशी नाही, काटोल रोडला ओळखीच्या एका भाऊंच्या संत्र्याच्या बागेत. मृगाचा पहिला पाऊस पडून दोन दिवस झाले होते. वावराच्या धुऱ्यावर दगडांची रास होती. भाऊंनी लोखंडी गजाने एक चपटा दगड उलटवला आणि मी टॉर्च मारली. खाली एक विंचू, आकड्यासकट लखलखीत. मी जरा मागे सरकले. तो हलेना. भाऊ वाकून बघत होते, म्हणाले, "मॅडम, बाजूले अजून एक आहे जी, पण तो चमकूनच नाही राहिला."

साधी टॉर्च लावली तेव्हा उलगडा झाला. लखलखत होती ती नुसती कात. नांग्या, पाय, शेपटीचे मणी, सगळं जागच्या जागी, आत कोणी नाही. आणि कातीचा मालक दोन बोटांवर बसला होता, फिकट, मेणासारखा मऊ. अतिनील प्रकाशात तो मातीच्या ढेकळाइतकाच काळा दिसत होता. दगड होता तसा हळूच ठेवला, कारण त्या अवस्थेत विंचवाला मुंगळेही खाऊन टाकतात.

कात टाकल्यावर नवं कवच टणक होऊ लागतं, तसतशी त्यात चमक येते. आईच्या पाठीवर बसलेली पांढुरकी पिल्लंही म्हणूनच चमकत नाहीत, आई मात्र त्यांच्याखाली हिरवी पेटलेली असते. म्हणजे चमक ही कवच पक्कं होण्याच्या रसायनाशी बांधलेली आहे. इथूनच सगळ्यात रुक्ष उत्तर निघतं: फायदा काही नाही, कवच टणक होताना ही द्रव्यं तयार होतात आणि त्यांना चमकायची खोड आहे, इतकंच. आपलं रक्त लाल आहे ते लाल दिसण्यासाठी नाही, तसं. २०२० च्या त्या द्रव्याबाबतही संशोधकांनी सुचवलं ते बुरशी आणि परजीवींपासून बचावाचं काम. तसं असेल तर चमक ही नुसती सोबत आलेली.

हे उत्तर मला बरीच वर्षं पुरत होतं. मग २०१२ चा एक प्रयोग वाचला आणि माझी खात्री हलली.

अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात डग्लस गॅफिन आणि त्यांचे सहकारी वाळूतल्या विंचवांवर काम करतात. विंचवाला पाठीवर मधोमध दोन डोळे असतात आणि पुढच्या कडांना बारके डोळे. त्यांनी काही विंचवांचे सगळे डोळे चांदीसारख्या पातळ पत्र्याने झाकले, काहींचे उघडे ठेवले. मग दोन प्रकारच्या उजेडात ते किती हालचाल करतात ते मोजलं: एक ३९५ नॅनोमीटरचा अतिनील, दुसरा ५०५ चा निळसर हिरवा. हा दुसरा आकडा मुद्दाम निवडलेला, कारण विंचवाची स्वतःची चमक साधारण त्याच रंगाची असते आणि त्याचे डोळेही त्याच रंगाला फार तिखट असतात.

हिरव्या उजेडात डोळे झाकलेल्यांची हालचाल उघड्या डोळ्यांच्या विंचवांपेक्षा बरीच कमी झाली. डोळे मिटले, उजेड कळेना, हे समजण्यासारखं आहे. अतिनील उजेडात मात्र झाकलेले आणि उघडे यांच्यात फरकच दिसला नाही. डोळ्यांवर पत्रा असूनही उजेड पडलाय हे त्यांना कळत होतं. कशाने?

गॅफिन यांचं म्हणणं असं, की सबंध अंगच एक डोळा झालेलं असतं. चित्र बघणारा नव्हे, नुसता "उजेड आहे की नाही" एवढं सांगणारा. अतिनील किरण अंगभर कुठेही पडले तरी कवच त्यांचा हिरवा करतं आणि तो हिरवा शरीरातल्या प्रकाश ओळखणाऱ्या चेतापेशींपर्यंत पोचतो. याचा उपयोग आडोसा शोधायला. विंचवाला उघड्यावर राहणं परवडत नाही, घुबड आहे, मोठा विंचूही आहे. अंगावर गवताची एक काडी आली तरी तेवढ्या भागावरचा उजेड कमी होतो. मागे वळून न बघता त्याला समजतं की इथे काहीतरी डोक्यावर आहे. टॉर्च मारल्यावर विंचू थोडा वेळ थबकतो आणि मग सरळ जवळच्या दगडाखाली जातो, हे मी शंभरदा पाहिलंय. त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण कल्पना पटायला मदत होते.

शेपटीत प्रकाश कळतो ही गोष्ट नवी नाही, आणि त्यात आपल्याकडचं काम आहे. १९७३ मध्ये गीताबाली आणि के. पंपापती राव यांनी हेटेरोमेट्रस या मोठ्या काळ्या विंचवाच्या, म्हणजे आपल्या इंगळीच्या गोतावळ्यातल्या, शेपटीतल्या चेतापेशी प्रकाशाला प्रतिसाद देतात हे दाखवलं. म्हणजे कवचाचा हिरवा उजेड घ्यायला आत कोणीतरी बसलेलं आहे.

पण इथेच कच्चा दुवा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. डोळे झाकूनही अतिनील कळतं, एवढंच या प्रयोगाने दिसतं. ते चमकेमुळे कळतं, हे दिसत नाही. शेपटीच्या पेशींनाच अतिनील थेट कळत असेल तर? चमक बाजूला काढून बघितल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, आणि चमक काढायची कशी? कार्ल क्लूक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक युक्ती केली होती. विंचवांना बराच काळ अतिनील प्रकाशात ठेवलं. सतत उन्हात टांगलेला परकर विटतो, तशी त्यांची चमक विटली. मग हे विटलेले आणि न विटलेले विंचू अतिनील प्रकाशात सोडले तर दोघं वेगळे वागले. चमकेला काहीतरी काम आहे, या बाजूने हा पुरावा जातो. पण इतका वेळ अतिनील खाल्लेल्या विंचवाचं फक्त कवचच विटलं, बाकी काही बिघडलं नाही, हे कसं मानायचं? माझी तरी इथे अडचण होते.

किडे चमकेला भुलून विंचवाजवळ येत असतील, असं मुलं हमखास सुचवतात. क्लूक यांनी तेही तपासलं होतं, २००५ मध्ये. उडणारे किडे चमकणाऱ्या विंचवांना उलट टाळत होते. तेव्हा भुलवण्याचा फायदा जवळजवळ बाद.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपल्या टॉर्चमध्ये दिसतो तो झगझगीत हिरवा निसर्गात कधी होतच नाही. चांदण्यात अतिनील असतं ते अगदी नखभर, त्यात विंचू हिरवा दिसला असं कोणी सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही. त्यामुळे ही चमक दुसऱ्या कुणाला दाखवण्यासाठी असेल असं मला वाटत नाही. असलाच उपयोग तर तो त्याचा त्याला, आतल्या आत. मिणमिणत्या उजेडाची बेरीज करायला, दिवस मावळला का, चांदणं फार आहे का, बाहेर पडावं की नाही, एवढं ठरवायला.

हे सगळं ऐकल्यावर भाऊंनी विचारलं, मग रात्री बुटात टॉर्च मारून बघितलं तर चालेल ना. बघा, जरूर बघा. पण त्या दगडाखालचा मेणासारखा विंचू आठवा. तो चमकत नव्हता, आणि आकडा त्यालाही होता. मी टॉर्च मारते आणि वर बूट उलटा करून झटकतेही. लाल विंचू डसला तर मंत्र नाही, बांधणं नाही, सरळ दवाखाना.