ओट्याखालच्या ड्रॉवरमधल्या बिया: मिरची निघाली धोत्रा

तर मंडळी, आजीच्या जुन्या घरातला ओट्याखालचा ड्रॉवर शेवटी रिकामा केला. लाटण्याखाली, रबरबँडांच्या गुंत्यात आणि रेशनच्या जुन्या पावत्यांमध्ये मिळून साधारण दोन मुठी सुट्ट्या बिया निघाल्या, पुडी नाही की चिठ्ठी नाही. पहिला फोटो मी स्टीलच्या ताटात ट्यूबलाइटखाली काढला आणि शेती करणाऱ्या मित्राला पाठवला, त्याचं उत्तर आलं "काळ्या आहेत एवढं दिसतंय". चूक माझीच, ताट चमकतं आणि मापाला शेजारी काहीच नाही.

दुसऱ्यांदा पोराच्या वहीतला आलेख कागद घेतला, एक मिलिमीटरच्या चौकटीवाला. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा फोटो काढला, कारण वरून थेट उजेड पडला की बीच्या अंगावरचे खड्डे-रेघा सगळ्या सपाट दिसतात. प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा बिया ठेवल्या, अर्ध्या पालथ्या, आणि एक-दोन उभ्या कडेवर. हे कडेवर उभं करणं पुढे फार कामी आलं.

सोप्या होत्या त्या लगेच सुटल्या. गुलबक्षी म्हणजे सुरकुतलेली मोठी काळी मिरीच, झेंडू म्हणजे काळ्या काडीला गवती शेपूट, आणि कारल्याचं बी तर कासवासारखं नक्षीदार असतं, ते चुकायलाच नको. चपट्या काळ्या बिया मात्र दोन प्रकारच्या होत्या आणि मी त्या सगळ्या दोडका म्हणून एकाच वाटीत टाकल्या होत्या. फोटो मोठा करून बघितला तर काहींचं अंग खड्ड्याखड्ड्यांचं, खरबरीत, तो दोडका. बाकीच्या गुळगुळीत आणि कडेला सगळीकडून पातळ पट्टी, पंखासारखी, ते घोसाळं. नखाने नुसतं चाचपलं तरी कळतं.

आता खरी गंमत. फिक्कट पिवळसर-तपकिरी चपट्या बिया, चारेक मिलिमीटरच्या, स्वयंपाकघरातच सापडलेल्या, म्हणजे मिरचीच असणार ना? मीही तसंच धरून चाललो होतो आणि एक दाताखाली घेऊन बघणारही होतो. पण कडेवर उभ्या केलेल्या फोटोत काही बियांची कड दुहेरी दिसली, मध्ये खाच असल्यासारखी, आकार मूत्रपिंडासारखा, रंग जरा गडद आणि अंगावर बारीक जाळीदार खड्डे. मिरचीचं बी गोलसर, फिकट आणि गुळगुळीत असतं, कडही साधी. खात्री करायला दोन्हीतलं एकेक रात्रभर भिजवून हातमोजे घालून ब्लेडने चपट्या बाजूंना समांतर, मधोमध चिरलं आणि भिंगातून पाहिलं. मिरचीत आतला अंकुर 6 आकड्यासारखा आत वळलेला होता, दुसऱ्यात त्याचं टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं. म्हणजे धोत्रा! विषबाधेच्या तपासातही या दोन बियांमधला फरक असाच बघतात. आईला विचारलं तर म्हणाली, "अरे, हरतालिकेची पत्री, महाशिवरात्रीचा धोत्रा, सगळं आजी त्याच ओट्यावर ठेवायची, फळ फुटलं असेल एखादं." सगळा धोत्रा वेगळ्या बाटलीत घालून वर नाव लिहिलं, ती बाटली आता स्वयंपाकघरात नाही. त्यामुळे अनोळखी बी चाखून ओळखायचं नाही हा माझ्याकडे नियमच झालाय, शिवाय विकतच्या बियांवर गुलाबी-निळं औषध चोळलेलं असतं ते वेगळंच.

उगवण बघायला ओल्या टिश्यूत प्रत्येकी दहा बिया गुंडाळून डब्यात ठेवल्या. आठव्या दिवशी दोडका दहातले तीन, घोसाळं चार, कारलं एक, मिरची शून्य. बियांचं वय कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे हेही बरंच म्हणायचं.

राहिल्या त्या गोल तपकिरी बिया, जेमतेम दोन मिलिमीटरच्या. इथे फोटोने हात टेकले. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मोहरी, सगळ्यांचं बी असंच गोल, मुळ्याचं थोडं मोठं आणि वेडंवाकडं असतं म्हणून तो तेवढा बाद केला. कुंडीत वीस टाकल्या, सहा उगवल्या, पण पहिली दोन दलं या सगळ्या घराण्याची पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, त्यातूनही काही कळेना. खऱ्या पानाची वाट बघत बसलो. कोबीवर्गाचं पान गुळगुळीत, निळसर, मेणचट असतं. आज सकाळी पहिलं पान उलगडलं, बोट फिरवलं तर बारीक खरखरीत लव.

म्हणजे मोहरी. मसाल्याच्या डब्यातून सांडलेली, फोडणीची.