तीन माणसं वाढवली तर?

"प्रोजेक्ट लेट आहे, साठ मनुष्यदिवसांचं काम उरलंय आणि टीममध्ये तीनच जण आहेत. अजून तीन दिले तर निम्म्या वेळात होईल ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बहुतेक वेळा नाही. साठ मनुष्यदिवस हा एफर्ट झाला, म्हणजे पगारी मेहनत. तीन जणांत वाटला की २० कामाचे दिवस, ही ड्युरेशन. शनिवार-रविवार धरले की कॅलेंडरवर चार आठवडे, आणि शेवटी क्लायंटची यूएटी, म्हणजे काम स्वीकारण्याआधी त्यांनी स्वतः करायची चाचणी, आठवडाभर चालणार असेल तर पाच. त्या शेवटच्या आठवड्यात आपली टीम बहुतेक वेळ वाट बघते. तिथे तीन असोत की तीस, तो तसूभरही कमी होत नाही.

आता तिघं नवे आले. त्यांना ॲक्सेस मिळेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. मग कोड समजून घेणं, आणि मग "हा फ्लॅग का ठेवलाय?" हे प्रश्न. उत्तरं जुन्या तिघांकडेच असतात, कारण कागदावर काहीच नसतं. पहिले दहा दिवस जुन्यांचा निम्मा वेळ यातच गेला असं धरा. दोन आठवड्यांत ३० मनुष्यदिवसांऐवजी १५च उरकतात. उरले ४५.

यानंतर तरी सहा जण जोमाने काम करतील? तिघांमध्ये बोलण्याच्या जोड्या तीन होत्या, सहांमध्ये पंधरा होतात. वाटलेलं काम पुन्हा जोडावं लागतं, रिव्ह्यू वाढतात. जुने ८० टक्के आणि नवे ५० टक्के वेगाने चालले, तर रोज जेमतेम ३.९ मनुष्यदिवसांचं काम होतं. ४५ संपायला साडेअकरा दिवस, म्हणजे एकूण साडेएकवीस. नुसते तिघंच असते तर वीस! शिवाय बिल सहा जणांचं. टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, तुम्ही तुमची घालून बघा. नवे फार लवकर रुळले तर गणित थोडं फायद्याकडे झुकेल, पण निम्म्यावर काही येणार नाही.

आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये हेच लिहिलं: लेट झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लेट होतो. हे फारच ढोबळ विधान आहे, अशी कबुलीही त्यांनीच दिली होती. सहा महिने हातात असताना माणसं आली तर शिकण्याचे दोन आठवडे सहज वसूल होतात. डेडलाइन चार आठवड्यांवर असताना होत नाहीत.

माणसं द्यायचीच असतील तर ज्याला कोडची खोल माहिती लागत नाही ते काम त्यांना द्या: टेस्ट डेटा तयार करणं, यूएटीतल्या तक्रारींची नोंद, क्लायंटला रोजचा रिपोर्ट. जुन्या तिघांचे त्यात जाणारे तास सुटतील. आणि क्लायंटला आजच विचारा, सॉफ्टवेअरमधले कुठले दोन रिपोर्ट पुढच्या रिलीजला चालतील.