तीनशे ऐंशी सामने आणि एक रकाना

इंग्लंडमधल्या एका ग्राहकासाठी आम्ही नागपुरात प्रीमियर लीगच्या सट्ट्याच्या भावांचे मॉडेल तयार करत होतो. २०१९-२० च्या हंगामावर घेतलेल्या पहिल्याच चाचणीत ते इतका नफा दाखवू लागले, की मला त्याची भीती वाटली.

निकालांची फाइल एका ठिकाणची होती आणि भावांची दुसऱ्या ठिकाणची. मी त्या संघांची नावे आणि तारीख यांवरून जोडल्या होत्या, आणि जोडणीत बऱ्याच ओळी गळाल्या होत्या. वरिष्ठ म्हणाले, "तारीख बाजूला ठेवा. या लीगमध्ये प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाचे यजमानपद हंगामात एकदाच भूषवतो. हंगाम, यजमान आणि पाहुणा एवढ्यावर सामना ओळखता येतो." स्कॉटलंडच्या लीगमध्ये हे चालत नाही, कारण तिथे तीच जोडी त्याच मैदानावर पुन्हा भेटू शकते.

तसे जोडल्यावर ३८० पैकी ३०६ ओळी उरल्या. गळालेला ७४ हा आकडाच खूण ठरला. एका संघाचे नाव जुळले नाही तर ३८ सामने जातात. दोघांचे जुळले नाही तर ७६ मधून त्यांचे आपसातले दोन वजा होतात. ते दोन संघ सापडले: एका फाइलमधले 'Wolves' दुसरीत 'Wolverhampton Wanderers' होते, आणि 'Sheffield United' दुसरीत 'Sheffield Utd'. नावे साधर्म्यावरून आपोआप जुळवण्याचा मोह मी टाळला, कारण खालच्या लीगमध्ये 'Sheffield Wednesday'ही आहे. वीस नावांचा तक्ता हातानेच केला.

मग दोन्ही तारखांमधला फरक नव्या रकान्यात काढला. काही ओळींत तो एक दिवसाचा होता. १७ जून २०२० चा मँचेस्टर सिटी-आर्सेनल सामना तिकडे रात्री सव्वाआठला सुरू झाला, तेव्हा नागपुरात १८ तारखेचे पाऊण वाजले होते. माझ्या प्रोग्रॅमने भावांच्या फाइलमधली वेळ भारतीय वेळेत बदलली होती. त्याच संध्याकाळचा सहाचा ॲस्टन व्हिला-शेफील्ड सामना मात्र आपल्याकडे साडेदहाला, म्हणजे १७ तारखेलाच पडत होता, त्यामुळे चूक फक्त उशिराच्या सामन्यांत दिसत होती.

इतर काही ओळींत फरक कितीतरी मोठा होता. लिव्हरपूलने साउथॅम्प्टनला ४-० ने हरवलेला १ फेब्रुवारीचा सामना निकालांच्या फाइलमधून 2020-01-02 म्हणून आला होता. आमच्याकडच्या पांडासच्या जुन्या आवृत्तीने 01/02/2020 मधला पहिला आकडा महिना मानला होता. तेरा तारखेपासून पुढच्या तारखा मात्र तिने निमूटपणे बरोबर वाचल्या, म्हणून वरवर पाहता फाइल ठीकच वाटत होती. परिणामी ११ जानेवारीच्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्याचा अंदाज करताना मॉडेलला लिव्हरपूलचा तीन आठवड्यांनंतरचा विजय आधीच माहीत होता.

```
df["Date"] = pd.to_datetime(df["Date"], format="%d/%m/%Y")
```

एवढी एक ओळ बदलली आणि भावांच्या वेळा लंडनच्या घड्याळावर आणल्या. फरकाच्या रकान्यात सगळीकडे शून्य आले. दुसऱ्या चाचणीत नफा बराच घटला, आणि ग्राहकाला आम्ही तोच आकडा कळवला.