प्रयोगशाळेचे अंदाजपत्रक संस्थेपुढे मांडताना

आमच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेसाठी खर्चाचा प्रस्ताव तयार करताना मी यादीची सुरुवात वस्तूंपासून केली नाही. विश्वस्तांपैकी बहुतेक जण व्यापार किंवा शेती बघणारे, त्यांना 'मायक्रोस्कोप १० नग' वाचून काहीच कळत नाही. म्हणून तक्त्यात नाव, नग, दर, रक्कम या नेहमीच्या रकान्यांपुढे आणखी एक रकाना घेतला: 'या वर्षी न केल्यास काय होईल'. क्रम त्यावरूनच लावला. ज्यापुढे 'मूल जखमी होऊ शकते' असे लिहावे लागले ते पहिल्या गटात, 'अभ्यासक्रमातले प्रात्यक्षिक होणार नाही' ते दुसऱ्यात, 'काम सोयीचे होईल' ते तिसऱ्यात. डिजिटल बोर्डाची मागणी आपोआप तिसऱ्या गटात गेली. ते काही जणांना खटकले, पण त्यावर वाद घालायला जागा उरली नाही.

पहिल्या गटात वीज सर्वांत वर होती. टेबलांवरचे सॉकेट सिंकपासून हातभर अंतरावर आणि संरक्षण म्हणून फक्त एमसीबी. 'एमसीबी आहे ना, मग आणखी काय हवे?' हा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर प्रस्तावातच लिहिले: एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाले की वायर वाचवतो, माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळत नाही. त्यासाठी असा गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो उपकरण म्हणून स्वस्त आहे. खरा खर्च वायरिंगचा. जुन्या इमारतीत प्रयोगशाळेची न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी वायर, अनेकदा शेजारच्या वर्गाशी जोडलेली असते, आणि तशीच ठेवली तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. मग कोणीतरी वैतागून तो बायपास करतो आणि पैसे वाया जातात. म्हणून न्यूट्रल वेगळी करणे आणि अर्थिंग तपासणे या दोन ओळी स्वतंत्र दाखवल्या. एकत्र 'विद्युत काम' लिहिले असते तर वाटाघाटीत नेमक्या त्याच कापल्या गेल्या असत्या.

त्याखाली गॅसची रबरी नळी बदलणे, एक्झॉस्ट पंखा, आणि आम्लांसाठी खालच्या कप्प्यात प्लास्टिक ट्रे असलेले वेगळे कपाट. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली लोखंडी कपाटात राहिली की वाफांनी कुलूप, बिजागऱ्या आणि शेजारचे तराजू गंजतात. गंजलेले कपाट उघडून दाखवले की वेगळे समर्थन लागत नाही.

दुसऱ्या गटात सूक्ष्मदर्शक. इथे गणित पूर्ण मांडले. तुकडीत ६० मुले, प्रात्यक्षिकाला २० ची बॅच, दोघांत एक, म्हणजे १० चालू नग हवेत. जडसंग्रह नोंदवहीत १२ दिसत होते, पण नोंदवही चालू-बंद सांगत नाही, म्हणून प्रत्येक नग तपासला. पाच ठीक. चार दुरुस्त होण्यासारखे: नळी आपोआप खाली घसरणे, आरसा नसणे किंवा वस्तुभिंगावर बुरशीचे जाळे. तीन निर्लेखनाचे, कारण दात झिजलेल्या रॅकचा सुटा भाग त्या मॉडेलसाठी मिळत नव्हता. बुरशीबाबत एक सावधगिरी: पुसल्यानंतरही प्रतिमा धूसर राहिली तर काच कोरली गेलेली असते आणि भिंगच बदलावे लागते, म्हणून दुरुस्तीच्या कोटेशनमध्ये 'भिंग बदलल्यास दर' अशी ओळ मागून घेतली.

चार दुरुस्त्या प्रत्येकी ७०० रुपये, म्हणजे २,८००. दोन नवे प्रत्येकी ६,०००, म्हणजे १२,०००. एकूण १४,८०० रुपयांत ११ चालू नग, म्हणजे एक राखीव. सरळ दहा नवे मागितले असते तर ६०,०००. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यामुळे बाकीच्या ओळींवरही विश्वास बसला, असे मला वाटते.

काचसामानाला फार जागा दिली नाही. फक्त तापवायची चंचुपात्रे बोरोसिलिकेटचीच हवीत हे नोंदवले. साध्या काचेची स्वस्त असली तरी बर्नरवर तडकतात. आम्ले, स्पिरिट, लिटमस यांचा खर्च मात्र वेगळ्या पानावर आवर्ती म्हणून दाखवला. तो एकरकमी खर्चात मिसळला की पुढच्या वर्षी 'मागच्या वर्षीच तर दिले' हे ऐकावे लागते.

तीन कोटेशने घेतली, पण तुलनेआधी सर्वांना सारखे केले: जीएसटी धरून की वगळून, वाहतूक व जोडणी कोणाकडे, हमी किती. सर्वांत कमी दिसणारा दर हे धरल्यावर दुसऱ्या क्रमांकावर गेला. कोटेशनची मुदत बहुधा ३० दिवसांची असते, त्यामुळे ती सभेची तारीख ठरल्यावरच मागवावीत.

ठरावाच्या मसुद्यात गटवार रक्कम आणि 'जीएसटीसह कमाल' असे शब्द घातले. पहिला गट तसाच मंजूर झाला, दुसऱ्यात सिंकचे काम पुढे ढकलले गेले. कामाचा क्रम सुट्टीत आधी वीज, मग कपाट आणि पंखा. सूक्ष्मदर्शक शेवटी, म्हणजे भिंती फोडतानाची धूळ त्यांच्यावर बसत नाही.