रांगेतले मेल

गुरुवार, रात्री, जळगाव

केळी उत्पादकांच्या मेलिंग लिस्टचा मी मॉडरेटर; मंजुरीसाठी अडकलेल्या मेलची रांग उघडली. पहिलाच मेल टिश्यू कल्चर रोपांच्या जाहिरातीचा. पाठवणाऱ्याच्या जागी आमच्याच एका सभासदाचं नाव होतं, पत्ता मात्र भलताच. अशा मेलला मी Reject कधीच करत नाही. Reject केलं की नकाराचं पत्र त्या पत्त्यावर जातं, आणि पत्ता चोरलेला असला तर ज्याचा काही संबंध नाही त्या माणसाला आपणच त्रास देतो. म्हणून सरळ Discard. त्यात मेल गुपचूप पुसला जातो.

दुसऱ्या मेलने मात्र बराच वेळ घेतला. यावल तालुक्यातल्या एका तरुणाचा होता. मृगबागेत पानांवर पिवळे पट्टे दिसताहेत, काही झाडांचा पोंगा कुजतोय, काय करू? सोबत मोबाइलवर काढलेले चार फोटो. अडकण्याची दोन कारणं होती: तो सभासद नाही, आणि मेलचा आकार मर्यादेबाहेर. लिस्ट ज्यावर चालते त्या मेलमन सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा मुळात 40 केबी असते, आम्ही ती थोडी वाढवली आहे, तरी फोनचा एकच फोटो दोन-तीन एमबीचा भरतो.

वर्णनावरून सीएमव्हीचाच, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसचा, संशय येत होता. हा रोग मावा पसरवतो. रोगट झाडं वेळेत उपटली नाहीत तर शेजारच्या बागेपर्यंत जातो, म्हणून मेल उद्यावर ठेवणं मला पटेना. पण Accept करून भागणारं नव्हतं. आमच्या लिस्टवर उत्तरं लिस्टकडेच जातात. प्रश्न विचारणारा सभासद नसेल तर सगळे जाणकार भरभरून लिहितात आणि त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही. तो बिचारा समजतो, कुणी दखलच घेतली नाही.

मग त्याला माझ्याच पत्त्यावरून लिहिलं: "भाऊ, तुमचा मेल मिळाला. फोटो मोठे आहेत म्हणून लिस्टवर जात नाहीये. पानाचा एक आणि पोंग्याचा एक, लहान करून पाठवा. त्याआधी ही लिंक उघडून सभासद व्हा, म्हणजे उत्तरं तुम्हाला मिळतील. लागवड कोणत्या महिन्यातली आहे आणि शेजारी काकडी-भोपळा आहे का, तेही लिहा." काकडीवर्गीय पिकांवर हाच विषाणू राहतो, त्यामुळे हे आधीच विचारलेलं बरं.

तासाभरात तो सभासद झाला आणि नवा मेल आला. तो लिस्टवर सोडला. जुना, मोठा मेल Discard केला. त्याला Reject केलं असतं तर सगळं मार्गी लागल्यावर त्या भावाला नकाराचं पत्र गेलं असतं, आणि तो उगाच गोंधळला असता.

नवीन सभासदाचे मेल आमच्याकडे आधी मॉडरेटरकडे येतात. त्याचे पुढचे एक-दोन पाहीन आणि मग ती अट काढून टाकीन.