ऐन दिवाळीत लाल झालेला नंबर

भातकापणी सुरू झाली की रविवारी गावी जावंच लागतं. आमचं गाव खानापूर तालुक्यात. २०२४ च्या २० ऑक्टोबरला मी विळा घेऊन शेतात होतो आणि फोन बांधावर जेवणाच्या डब्यावर ठेवलेला, कारण रेंज तेवढ्याच एका जागी येते. दुपारी जेवायला टेकलो तर अण्णांच्या धाकट्याचे अकरा मिस्ड कॉल.

अण्णांचं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे. मी टिळकवाडीत एका खोलीत बसून अशा दहा-बारा दुकानांचं व्हॉट्सअ‍ॅप सांभाळतो. टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचे ठरावीक मसुदे, लिहून व्हॉट्सअ‍ॅपकडून मंजूर करून घ्यायचे, याद्या साफ करायच्या, कुणाचे मेसेज का गेले नाहीत ते शोधायचं, असं काम. धाकट्याला फोन लावला.

"दादा, मेसेज जायचे थांबलेत. `132015` म्हणून काहीतरी येतंय."

"टेम्प्लेट थांबवलाय म्हणतंय ते. किती जणांना लावलेलास?"

"सगळ्यांनाच की ओ. नऊ हजार चारशे."

भाकरीचा घास तसाच राहिला. आमच्या यादीत सगळी मिळून आठशेच माणसं होती. नऊ हजार कुठून आली?

मागचं थोडं सांगायला हवं. सप्टेंबरात अण्णांच्या व्यवसायाचं व्हेरिफिकेशन झालं तेव्हा नंबरची मर्यादा २५० वरून १००० वर गेली होती. ही मर्यादा मेसेजांची नसते, माणसांची असते. आपण होऊन ज्यांना मेसेज धाडतो अशी वेगवेगळी माणसं, कोणत्याही सलग २४ तासांत किती, एवढंच ती मोजते. एकाच गिऱ्हाइकाला दिवसात तीन मेसेज गेले तरी माणूस एकच. अण्णांना वाटायचं रात्री बाराला मीटर शून्यावर येतो. तसं नाही. काल संध्याकाळी सहाला पाठवलेला माणूस आज संध्याकाळी सहापर्यंत हिशेबात राहतो. आणि गिऱ्हाइकाने स्वतः मेसेज केला, तर तिथून २४ तास त्याच्याशी कितीही बोला, ते या मर्यादेत धरत नाहीत.

१००० वरून पुढची पायरी १०,०००, मग १,००,०००, मग मोकळं रान. पायरी चढायला अर्ज करावा लागत नाही. सात दिवसांत आताच्या मर्यादेच्या निम्म्या, म्हणजे आमच्या बाबतीत ५००, वेगळ्या माणसांना मेसेज गेले पाहिजेत आणि नंबरची गुणवत्ता, म्हणजे लोक किती ब्लॉक करतात त्यावरून व्हॉट्सअ‍ॅप देतं तो रंग, हिरवी किंवा निदान पिवळी पाहिजे. मग मर्यादा आपोआप वाढते. (हा २०२४ चा हिशेब. ऑक्टोबर २०२५ पासून मर्यादा नंबरवार राहिली नाही, एका बिझनेस पोर्टफोलिओतल्या सगळ्या नंबरांची मिळून एकच झाली, आणि २५० नंतरची पायरीही १००० ऐवजी २००० ची झाली.)

ते ५०० आम्ही कसे गाठले, तर फॉल-पिकोवर. साडी घेतली की बाई फॉल-पिकोला तिथंच टाकून जाते आणि चार दिवसांनी फोन करून विचारते, झालं का. तो फोन वाचावा म्हणून मी एक साधा टेम्प्लेट केला होता: "तुमच्या साडीचं फॉल-पिको तयार आहे, रात्री आठपर्यंत दुकान उघडं आहे." बिलाचा एक वेगळा. दोन्ही युटिलिटी, म्हणजे जाहिरात नसलेल्या कामाच्या मेसेजांच्या, वर्गात मंजूर. ज्याची माणूस वाटच बघतोय असा मेसेज कोण ब्लॉक करणार? दसऱ्याच्या गर्दीत आठवड्याभरात ५०० सहज ओलांडले. दिवाळी सेलचा मार्केटिंग टेम्प्लेटही त्याच आठशे लोकांना दोन टप्प्यांत पाठवून बघितला. तोही हिरवा राहिला. शुक्रवारी मर्यादा १०,००० झाली आणि मी मोठ्या कौतुकाने अण्णांना कळवलं. ती माझी चूक. त्या दहा हजारांचा अर्थ काय, ते सांगायचं राहून गेलं.

अण्णांनी अर्थ लावला तो व्यापाऱ्याचा. गोडाऊन मोठं मिळालं, तर माल भरा. माळ्यावर बिलांची आणि उधारीची जुनी रजिस्टरं होती, काही २०१४-१५ ची. धाकट्याने दोन पोरांना बसवून त्यातले नंबर एक्सेलमध्ये उतरवले आणि रविवारी सकाळी दहाला सोडून दिले.

मी फोनवर एवढंच सांगितलं, "हात लावू नकोस. मी येतोय." लोकांनी ब्लॉक केलं की टेम्प्लेट पहिल्यांदा थांबतो तो तीन तास, दुसऱ्यांदा सहा तास, आणि तिसऱ्या वेळी कायमचा बंद होतो. पण मी बसमध्ये असतानाच तीन तास संपले, आणि धाकट्याने 'राहिलेले पुन्हा पाठवा' दाबलं. त्याचाही दोष काय म्हणायचा, बटण समोर होतं. पाऊण तासात पुन्हा `132015`.

दुकानात पोचलो तेव्हा अण्णा गादीवर शांत बसलेले. "टेम्प्लेट थांबला, तर दुसऱ्या नावानं नवीन काढ की. मजकूर तोच." हे सगळेच सुचवतात. पण टेम्प्लेटचा ताप वेगळा आणि नंबरचा वेगळा. नवीन नावाने तोच मजकूर त्याच लोकांना गेला असता, तर ब्लॉक करणाऱ्यांच्या बोटांना नावाशी काय देणं-घेणं? सगळं नंबरच्या खात्यावर चढत गेलं असतं. रविवारी रात्री नंबर पिवळा होता. सोमवारी सकाळी विचारलं:

```
GET /<PHONE_NUMBER_ID>?fields=quality_rating,messaging_limit_tier

"quality_rating": "RED",
"messaging_limit_tier": "TIER_10K"
```

अण्णांनी चष्मा लावून दुसरी ओळ वाचली. "दहा हजार तर आहेतच की. मग अडतंय कुठं?"

अडत होतं ते पहिल्या ओळीत. लाल झालेल्या नंबरवर 'फ्लॅग्ड'चा शिक्का बसला होता. २०२४ च्या नियमांत शिक्का असेपर्यंत मेसेज जायचे, मर्यादाही लगेच खाली यायची नाही, फक्त वर जायची नाही. गुणवत्ता पिवळ्या-हिरव्यावर येऊन सात दिवस टिकली, तर शिक्का निघायचा. नाही सुधारली, तर शिक्का निघायचा पण मर्यादा एक पायरी उतरायची. आणि गुणवत्ता मोजतात मागच्या सात दिवसांवर, त्यातही ताज्या दिवसांना वजन जास्त. म्हणजे रविवारचा तो ढीग पुढच्या रविवारपर्यंत आमच्या मानेवर. सोमवारी, २८ तारखेला, वसुबारस.

मी पहिलं काम केलं ते आलेली उत्तरं वाचायचं. ब्लॉक कोणी केलं ते आपल्याला नावानिशी कळत नाही, पण ज्यांनी ब्लॉक न करता उत्तर दिलं त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज येतो. "राँग नंबर" बरेच. जुने नंबर केव्हाच दुसऱ्याच्या हातात गेले होते. एकाने विचारलं होतं, ह्या दुकानाला माझा नंबर कुणी दिला. आणि मग कन्नड लिपीतली उत्तरं, एकाखाली एक: "यारु नीवु?" कोण तुम्ही?

रजिस्टरात गावाचा रकाना होता. तो लावून बघितला. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्ती. लग्नाच्या बस्त्याला कधीतरी एकदा शहापुरात आलेली ही माणसं, काउंटरवर अण्णा त्यांच्याशी अस्खलित कन्नडच बोलले असणार. आणि आठ-नऊ वर्षांनी त्यांना अनोळखी नंबरवरून मराठीत जाहिरात. आमच्याकडे १ नोव्हेंबर, कर्नाटकाचा स्थापना दिवस, जवळ आला की भाषा तशीही हळवी होते. अण्णा स्वतःच म्हणाले, "दुकानात मी असा मराठीत ओरडलो असतो का त्यांच्यावर?"

तो आठवडा आम्ही मार्केटिंगचा एकही मेसेज सोडला नाही. फक्त फॉल-पिको आणि बिल. काउंटरवर आणि पिशव्यांवर क्यूआर चिकटवला, दोन्ही भाषांत: नवा माल बघायचा असेल, तर या नंबरवर 'साडी' असं पाठवा. ज्याने पाठवलं त्याला धाकटा दुकानातूनच फोटो पाठवायचा. तो संवाद गिऱ्हाइकाने सुरू केलेला, मर्यादेबाहेरचा. दिवसाला साठ-सत्तर जण पाठवायचे. नऊ हजारांपुढे ते काहीच नाही, म्हणून अण्णा रोज एकदा उसासा टाकायचे. पण त्या साठ-सत्तरांतले कितीतरी जण संध्याकाळी दुकानात दिसायचे, हेही तेच सांगायचे.

वसुबारसेच्या सोमवारी रात्री पाहिलं तर `TIER_1K`, मर्यादा परत हजारावर. मंगळवारी, धनत्रयोदशीला, गुणवत्ता पिवळी झाली. एका दिवसाने हुकलं म्हणून धाकटा हळहळला. खरं तर दोन दिवस आधी पिवळी झाली असती तरी ती सात दिवस टिकवायची होतीच. त्याला मी ते तेव्हा सांगितलं नाही.

दिवाळी हजारातच काढली. सेलचा टेम्प्लेट नव्याने लिहिला, `mr` आणि `kn` दोन्हींत. नाव एकच असलं तरी दोन भाषांची गुणवत्ता वेगवेगळी धरली जाते, हा एक फायदाच: कुठली भाषा कुणाला टोचतेय ते निराळं दिसतं. खाली 'नको' असं बटण दिलं, कारण माणसाला नको म्हणायला जागा नसेल तर तो ब्लॉकच करतो. मागच्या वर्षभरात खरेदी केलेलीच माणसं घेतली, रोज तीनशे, आणि संध्याकाळी रंग बघून दुसऱ्या दिवशीचे तीनशे. रजिस्टरातली यादी मी धाकट्याच्या देखत कॉम्प्युटरवरून काढून टाकली.

नोव्हेंबरअखेर नंबर हिरवा झाला. डिसेंबरच्या लग्नसराईत मर्यादा पुन्हा दहा हजारांवर गेली, आणि या वेळी मी कळवायच्या आधी धाकट्याचाच फोन आला.

"दादा, दहा हजार झाले. आज किती पाठवू?"

"फॉल-पिको किती झालेत?"

"बेचाळीस."

"मग बेचाळीस पाठव की."