कडेचा हिरवा

दुपारी जेवण झाल्यावर पडायचं सोडून मी मावशीचा स्टिकर करत बसलो. लग्नातला फोटो. एक हात कमरेवर, भुवया वर, चेहऱ्यावर "हे काय चाललंय?" आमच्या घरच्या ग्रुपवर याची नितांत गरज होती.

हल्ली फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो मागच्या मांडवातून सुटून येतो. मावशीही आली, पण कोपर आणि कमर यांच्यामधल्या फटीत मांडवाचा हिरवा पडदा अडकून राहिला, आणि पदराचा काठ पडद्याच्याच रंगाचा असल्यामुळे तो मागेच राहिला. फट खोडरबराने मोकळी केली, काठ बोटाने परत रंगवून आणला.

इथे शहाणा माणूस थांबतो. मला मात्र कड बघायची खोड आहे. फोटो मोठा करून पाहिला तर अंबाड्याभोवती हिरवट रेघ. केसाच्या कडेचा ठिपका धड केसाचा नसतो, धड पडद्याचा नसतो. कॅमेऱ्याने दोन्ही रंग त्यातच कालवलेले असतात. फोनच्या पांढऱ्या स्क्रीनवर ते खपून जातं. डार्क मोड लावला की मावशीला शेवाळ धरल्यासारखं दिसतं.

शाळेत आम्ही कॅलेंडरवरची चित्रं कापून वहीत चिकटवायचो. मी रेघेच्या अगदी अंगावरून कात्री चालवायचो, ताई सगळीकडे बोटभर कागद सोडायची. तिचा हत्ती कागदाच्या ढगात उभा असायचा, आणि त्याची शेपटी शाबूत असायची. माझ्या हत्तीला शेपूट असल्याचं कुणी ऐकलं नाही.

इथे दोघांचंही चालतं, आधी माझं, मग तिचं. कड एक-दोन पिक्सेल आत घ्यायची म्हणजे हिरवे ठिपके जातात, भुरभुरते केसही जातात, त्यांच्यामागे लागू नये. मग बाहेरून पांढरी किनार. व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच स्टिकर बनवणाऱ्यांना ८ पिक्सेलची सुचवतं. ती शोभेची नव्हे. काळ्या केसांचा माणूस काळ्या स्क्रीनवर बुडू नये म्हणून.

मग चित्र ५१२ बाय ५१२ च्या चौकटीत, कडेला १६ पिक्सेल मोकळे सोडून. सेव्ह पीएनजी किंवा वेबपीमध्ये. जेपीजीला पारदर्शक म्हणजे काय हेच ठाऊक नाही. तो मागची मोकळी जागा भरून टाकतो आणि मावशी पुन्हा चौकोनात जाते. आणि फोटो मूळ घ्यावा. दहा ग्रुप फिरून आलेल्याची कड आधीच भुसभुशीत झालेली असते, तिथे कोणाचीच कात्री चालत नाही.

स्टिकर ग्रुपवर टाकला. कडेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मावशी मात्र आता गॅसचा सिलिंडर उशिरा आला तरी तोच स्टिकर टाकते.